लिंडिसफार्न गॉस्पेल्स: फलकाच्या चार ओळींत न मावणारे प्रश्न

संग्रहालयात काचेच्या पेटीतल्या वस्तूशेजारच्या फलकाला जागा फार थोडी मिळते. पाहणारा उभा राहून, मागच्या माणसाला जागा करून देत वाचणार, म्हणून मजकूर ऐंशी-शंभर शब्दांत बसवावा लागतो. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या लिंडिसफार्न गॉस्पेल्स या आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या हस्तलिखितासाठी मी फलक लिहिला, तर तो असा असेल:

«चार शुभवर्तमाने, लॅटिन भाषेत. नॉर्थंब्रिया, इंग्लंडचा ईशान्य किनारा, सुमारे इ.स. 700 ते 721. वासराच्या चर्मपत्रावर शाई आणि रंग. लिंडिसफार्न बेटावरचा बिशप ईडफ्रिथ याने हे पुस्तक देवासाठी आणि संत कथबर्टसाठी लिहिले, असे दहाव्या शतकातली नोंद सांगते. ओळींमधले बारीक इंग्रजी शब्द ती नोंद करणाऱ्या ऑल्ड्रेड या धर्मगुरूचे आहेत.»

यातला प्रत्येक शब्द बराच विचार करून घातलेला आहे. «असे नोंद सांगते» हे तीन शब्द तर मी कुणालाही कापू देणार नाही. त्याचे कारण पुढच्या उत्तरांत येईलच.

शुभवर्तमानांचे पुस्तक म्हणजे बायबलच ना?

बायबलचा एक भाग. येशूचे चरित्र आणि शिकवण सांगणारी मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची चार पुस्तके एकत्र बांधली की शुभवर्तमानांचे पुस्तक होते. मध्ययुगाच्या पहिल्या काही शतकांत संपूर्ण बायबल एका बांधणीत क्वचितच असे. वेदीवर ठेवायला, मिरवणुकीत न्यायला आणि मिस्सेच्या वेळी वाचायला चार शुभवर्तमानांचे पुस्तक वेगळे असे, आणि सजावटीचा सगळा जीव त्यावर ओतला जाई.

लिंडिसफार्नच्या प्रतीत मूळ मजकुराआधी आणखी काही पाने आहेत. बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या संत जेरोमचे पत्र आहे, प्रत्येक शुभवर्तमानाची प्रस्तावना आहे, आणि सोळा पानांवर कमानींखाली आकड्यांचे स्तंभ आहेत. एकच प्रसंग चारही शुभवर्तमानांत कुठे कुठे येतो ते दाखवणारी ही कोष्टके. चौथ्या शतकात सीझेरियाच्या युसेबियसने ही पद्धत बसवली. पाहायला देवळाच्या खांबांची ओळ वाटते, पण काम संदर्भसूचीचे आहे.

हे कोणी बनवले, हे कशावरून कळले?

एका पानावरून. पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानावर, योहानाचे शुभवर्तमान संपल्यावर जी जागा उरली होती, तिथे ऑल्ड्रेडने दहाव्या शतकात एक पुष्पिका लिहिली. आपल्या जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक नाव, शक, तिथी घालतो तशीच, फरक इतकाच की ही मूळ लेखनिकाची नाही. पुस्तक तयार झाल्यावर सुमारे अडीचशे वर्षांनी, ते सांभाळणाऱ्या समुदायातल्या एका माणसाने ती लिहिली.

त्या नोंदीत चार माणसे येतात. लिंडिसफार्नचा बिशप ईडफ्रिथ: त्याने हे पुस्तक देवासाठी, लिंडिसफार्नचाच आधीचा बिशप संत कथबर्ट याच्यासाठी आणि बेटावर ज्यांचे अवशेष आहेत त्या सगळ्या संतांसाठी लिहिले. त्याच्यानंतरचा बिशप एथिलवाल्ड: त्याने बांधणी केली. बिलफ्रिथ नावाचा एकांतवासी: त्याने बाहेरच्या आवरणावरचे सोन्याचे, रत्नांचे आणि मुलामा दिलेल्या चांदीचे काम घडवले. आणि चौथा ऑल्ड्रेड स्वतः, ज्याने ओळींमध्ये इंग्रजी अर्थ घातला. आपल्याविषयी तो «अपात्र आणि अतिशय दीन धर्मगुरू» असे शब्द वापरतो.

मला या नोंदीतली श्रमांची वाटणी विलक्षण वाटते. लेखन, बांधणी, धातुकाम आणि अर्थ अशी चार कामे, आणि करणारे चौघे एकाच रांगेत. ज्याने अडीचशे वर्षांनंतर पेन हातात घेतले, तोही स्वतःला त्याच कामातला चौथा भागीदार मानतो.

मग ती नोंद खरी मानायची का?

बहुतेक अभ्यासक मानतात, काहींनी शंका घेतली आहे, आणि दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे.

शंकेचे कारण सरळ आहे. अडीचशे वर्षांचे अंतर मोठे असते. त्या काळात समुदायाला बेट सोडावे लागले, बरीच वर्षे भटकावे लागले. ऑल्ड्रेडसमोर एखादी जुनी लेखी नोंद होती की फक्त मठातली ऐकीव परंपरा, हे त्याच्या शब्दांवरून ठरत नाही. शिवाय चार शुभवर्तमाने आणि चार माणसे ही जुळणी इतकी नेटकी आहे की ती मुद्दाम साधली असेल असेही वाटते. त्यात आपले नाव थोरामोठ्यांच्या जोडीला बसवण्यात ऑल्ड्रेडचा हेतूही होता: नोंदीत पुढे तो सांगतो की या कामातून आणि चांदीच्या दानातून त्याने समुदायात आपली जागा मिळवली.

विश्वास ठेवावा अशी कारणे पुस्तकाच्या अंगातच आहेत. अक्षराचे वळण, विणलेल्या पक्ष्यांची आणि गाठींची शैली, चर्मपत्र तयार करण्याची पद्धत या सगळ्यांवरून पुस्तक आठव्या शतकाच्या सुरुवातीचे आणि त्याच परिसरातले ठरते. ईडफ्रिथ 698 ते 721 बिशप होता. नोंद नसती तरी तज्ज्ञांनी साधारण हाच काळ आणि हाच मुलूख सांगितला असता. म्हणजे नोंद आणि वस्तू एकमेकांना छेद देत नाहीत. पण वस्तू फक्त काळ आणि प्रदेश सांगते. नाव मात्र एकट्या ऑल्ड्रेडच्या तोंडून आलेले आहे.

म्हणूनच फलकावर «ईडफ्रिथने लिहिले» एवढेच ठोकून देणे मला पटत नाही, आणि «कर्ता अज्ञात» असे लिहिणेही पटत नाही. कोण सांगतो ते सांगावे, आणि वाचणाऱ्याला ठरवू द्यावे.

एवढे सगळे एकाच माणसाने केले?

लेखन आणि चित्रे एकाच हाताची आहेत, असे बहुतेकांचे मत आहे. पानामागून पान पाहिले तर अक्षराची उंची, गोलाई आणि शाईचा दाब बदलत नाही. लाल अक्षरांतली काही शीर्षके मात्र दुसऱ्या हाताने भरलेली आहेत, आणि सजावटीतले काही बारकावे अपुरेच राहिले आहेत. 721 मध्ये ईडफ्रिथ वारला आणि काम तिथेच थांबले असावे, असा तर्क यावरून केला जातो.

त्या काळात हे असामान्य होते. मोठी पुस्तके सहसा गटाने लिहिली जात. लिंडिसफार्नच्या दक्षिणेला वेअरमथ-जॅरो या जुळ्या मठाने त्याच सुमारास कोडेक्स अमियाटिनस हे अजस्र बायबल तयार केले, त्यावर अनेक लेखनिकांचे हात आहेत. इथे एकच माणूस बसला, आणि नोंद खरी असेल तर तो बिशप होता: दौरे, दीक्षा, जमिनीचे वाद, पाहुणे हे सगळे सांभाळून. अभ्यासकांचे अंदाज पाच ते दहा वर्षांपर्यंत जातात. हिवाळ्यात उत्तर समुद्राच्या त्या किनाऱ्यावर बारीक कामाला पुरेसा उजेड दिवसाचे थोडेच तास मिळतो, हे लक्षात घेतले की हा आकडा मोठा वाटत नाही.

लेखन हेच त्याचे व्रत होते, असे मला वाटते. ज्या मठपरंपरेत कथबर्टसारखी माणसे समुद्रातल्या खडकावर एकटी राहून प्रार्थना करत, तिथे शुभवर्तमानाचा शब्द एकट्याने, न थकता उतरवणे ही प्रार्थनाच होती.

याचा खर्च कोणी केला? आश्रयदाता कोण?

या प्रश्नाचे उत्तर देताना फलक हमखास अडखळतात, कारण «आश्रयदाता» म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजा येतो. पुढच्या शतकांत युरोपात तसे खूपदा घडले: सम्राटाने किंवा ड्यूकने पुस्तक करवून घेतले, आणि पहिल्याच पानावर तो गुडघे टेकून ते अर्पण करताना रंगवला गेला. लिंडिसफार्नच्या पुस्तकात असे चित्र नाही. कोणाही राजाचे नावही नाही.

आश्रयदाता इथे समुदाय आहे आणि त्याचा प्रमुखच पुस्तकाचा कर्ता आहे. करवून घेणारा आणि करणारा एकच. ऑल्ड्रेडच्या नोंदीत पुस्तक ज्याच्यासाठी केले तो आहे देव, आणि त्याच्या जोडीला संत कथबर्ट, जो तोवर वारलेला होता.

हे समजायला 698 साल पाहावे लागते. कथबर्ट लिंडिसफार्नचा बिशप होता. 687 मध्ये तो जवळच्या फार्न बेटावर वारला आणि त्याला लिंडिसफार्नच्या चर्चमध्ये पुरले. अकरा वर्षांनी, 698 मध्ये, मठवासींनी अस्थी बाहेर काढून नव्या पेटीत ठेवायचे ठरवले. थडगे उघडले तेव्हा देह न कुजलेला मिळाला, असे तेव्हाचे लेखक सांगतात. संतपणाचा याहून मोठा पुरावा त्या काळी नव्हता. देह कोरीव लाकडी पेटीत घालून चर्चमध्ये जमिनीच्या वर ठेवला गेला आणि यात्रेकरूंची रीघ लागली. ईडफ्रिथ बिशप झाला तो याच वर्षी.

पुढच्या वीस-बावीस वर्षांत या बिशपच्या कारकिर्दीत काय काय घडले ते पाहा. कथबर्टचे पहिले चरित्र लिंडिसफार्नच्या एका अनामिक मठवासीने लिहिले. नंतर जॅरोच्या बीडने, त्या काळातल्या सर्वांत विद्वान माणसाने, गद्य चरित्र लिहिले आणि ते ईडफ्रिथ आणि त्याच्या बांधवांना अर्पण केले. ते त्यांच्याच सांगण्यावरून लिहिल्याचे बीड प्रस्तावनेत स्पष्ट करतो. पेटी, चरित्रे आणि हे पुस्तक एकाच प्रयत्नाचे भाग आहेत. एका स्थानिक बिशपला सगळ्या नॉर्थंब्रियाचा संत करण्याचे काम चालू होते, आणि ते ईडफ्रिथ चालवत होता.

राजाचा हात मग अजिबात नव्हता का? होता, पण मागून. 635 मध्ये नॉर्थंब्रियाचा राजा ऑस्वाल्ड याने स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या आयोना बेटावरून आलेल्या एडन या मठवासीला हे बेट मठासाठी दिले. पुढच्या राजांनी जमिनी दिल्या. त्या जमिनींवर गुरे चरली, आणि गुरांशिवाय हे पुस्तक झालेच नसते.

किती गुरे लागली?

आता जी पाने आहेत ती साधारण 36.5 सेंटीमीटर उंच आणि 27.5 सेंटीमीटर रुंद आहेत, आणि संख्या अडीचशेहून थोडी अधिक. दोन पानांचा एक ताव मधोमध दुमडून घालतात. तो ताव उलगडला तर 36.5 बाय 55 सेंटीमीटरचा होतो, आणि वासराच्या एका कातड्यातून तेवढ्या मापाचा, भोके आणि पातळ कडा टाळून, एकच चांगला ताव निघतो. म्हणजे 130 च्या आसपास वासरे तर लागलीच. नापसंत कातडी धरून अभ्यासक 150 च्या जवळचा आकडा सांगतात.

कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, केस खरवडायचे, चौकटीवर ताणून बांधायचे, अर्धचंद्राकृती सुरीने दोन्ही बाजूंनी तासायचे, ओढ द्यायची, पुन्हा तासायचे. ही कमावलेली चामडी नव्हे; ताणाखाली वाळल्यामुळे तंतू पसरून घट्ट, पांढुरके पान तयार होते. या पुस्तकाची चर्मपत्रे फार उत्तम आहेत. मठाला निवड करायला पुरेसे कळप होते, हे त्यावरूनच कळते.

इतके झगमगीत दिसते, मग सोने किती आहे?

जवळजवळ नाहीच. आतल्या पानांत सोने अगदी थोड्या, बारीक जागी आहे. झळाळी पिवळ्या रंगाची आहे, आणि तो रंग हरताळ. मराठी वाचकाला हे रंग अनोळखी नाहीत: तांबडा म्हणजे शेंदूर, पिवळा हरताळ, हिरवा तांब्यावर चढणारा जंगाल किंवा नीळ आणि हरताळ यांचे मिश्रण. जांभळी छटा दगडांवर वाढणाऱ्या, आपल्या दगडफुलाच्या गोत्रातल्या शेवाळी वाढीपासून काढली.

निळ्या रंगाची गोष्ट थोडी सांगायला हवी. गेल्या शतकात बराच काळ असे लिहिले गेले की हा निळा अफगाणिस्तानातल्या खाणीतून आलेल्या लाजवर्द दगडाचा आहे. कल्पना मोहक होती: उत्तर समुद्रातल्या बेटावर बदख्शानचा दगड. पण 2000 नंतरच्या दशकात पानाला हात न लावता, लेझर किरण टाकून रंगांची तपासणी झाली, तेव्हा निळ्यात लाजवर्द सापडला नाही. सापडली नीळ, बहुधा युरोपात उगवणाऱ्या वोड या झाडाची. जुन्या पुस्तकांतून आणि फलकांतून लाजवर्दचा उल्लेख अजून भेटतो. तो दिसला तर तो मजकूर जुन्या माहितीवर उभा आहे असे समजावे.

लाजवर्द नसल्याने ईडफ्रिथचे काम लहान होत नाही. जवळच्या शेतात, किनाऱ्यावर आणि नेहमीच्या व्यापारात मिळणाऱ्या थोड्या रंगांतून त्याने छटांची एवढी श्रेणी काढली, हे मला जास्त मोठे वाटते.

गालिच्यासारखी ती पाने कशी काढली?

अशी पाने पाच आहेत. एक अगदी सुरुवातीला आणि एकेक प्रत्येक शुभवर्तमानापूर्वी. मजकूर नाही, फक्त क्रूसाचा आकार आणि त्याभोवती गच्च विणलेली नक्षी. नक्षीत शिरून पाहिले की पट्ट्या म्हणजे लांब मानेचे पक्षी आणि कुत्र्यासारखे प्राणी असल्याचे दिसते. एकाची चोच दुसऱ्याच्या पायात, त्याचे शेपूट तिसऱ्याच्या कानातून आलेले.

हे हाताच्या अंदाजाने काढता येत नाही. या पानांची मागची बाजू उजेडात तिरकी धरली की त्याची पद्धत दिसते: कंपासच्या टोकाची भोके, पट्टीने ओढलेल्या रेषांची जाळी, वर्तुळांचे कंस. मोठा आकार आधी भूमितीने ठरवायचा, त्याचे चौकोन पाडायचे, चौकोनांचे आणखी छोटे चौकोन, आणि मग प्रत्येक खणात गाठ कुठून कुठे जाईल ते आखायचे. रेषा शिशासारख्या मऊ धातूच्या टोकाने काढलेल्या आहेत. त्याआधीचे लोक टोकदार शलाकेने चर्मपत्रावर खाच पाडत. तिथे चूक झाली तर ती पुसता येत नसे. धातूच्या रेघेने ईडफ्रिथला कच्चे चित्र काढून पाहण्याची मोकळीक मिळाली. आखणी मागे असल्यामुळे समोरच्या बाजूला रंग भरताना ती झाकली जात नाही, आणि पानामागे उजेड ठेवला की ती समोरून दिसते. त्याने हीच युक्ती वापरली असावी, असे अभ्यासक मांडतात.

आणखी एक पाहण्यासारखे आहे. नक्षी दुरून पूर्ण समतोल वाटते, पण एखादा पक्षी मुद्दाम वेगळ्या रंगाचा किंवा वेगळ्या वळणाचा निघतो. काही जण हे नम्रतेचे चिन्ह मानतात, कारण निर्दोष फक्त देव. मला हे स्पष्टीकरण थोडे सोयीचे वाटते. इतक्या आखीव कामात असे बदल लक्ष खिळवून ठेवण्यासाठीही करता येतात.

लूकच्या पहिल्या पानावर मांजर आहे, हे खरे का?

हो. पानाच्या उजव्या कडेने मांजराचे लांबलचक शरीर चौकटीसारखे उभे जाते आणि डोके खाली येते. त्याच्या पोटात पक्षी आहेत, आणि समोर खालच्या चौकटीत पक्ष्यांची आणखी एक रांग आहे. याच पानावर अक्षरांभोवती शेंदराचे बारीक ठिपके आहेत, दहा हजारांहून अधिक. ठिपके सरळ रेषांत नाहीत, त्यांचीही नक्षी झालेली आहे.

मत्तयच्या चित्रात पडद्याआडून डोकावणारा कोण?

यावर एकमत नाही. मत्तय बाकावर बसून लिहितो आहे, डोक्यावर त्याचे चिन्ह असलेला पंख असलेला मनुष्य तुतारी फुंकतो, आणि उजवीकडे पडदा सारून हातात पुस्तक घेतलेला दाढीवाला माणूस पाहतो आहे. कोणी त्याला ख्रिस्त म्हणते, कोणी मोशे. मत्तयची बसण्याची ढब मात्र कुठून आली ते बऱ्यापैकी ठाऊक आहे. कोडेक्स अमियाटिनसमध्ये एज्रा हा शास्त्री अगदी याच बैठकीत लिहितो. दोघांमागे इटलीतून आलेले एकच चित्र असावे.

मजकुरातही इटली आहे. वाचनाच्या सणांची जी यादी सुरुवातीला आहे, तीत नेपल्सचा संत जानुआरियस येतो. ईडफ्रिथसमोर नक्कल करायला जी प्रत होती तिचे मूळ नेपल्समध्ये होते, आणि त्याने ती यादी जशीच्या तशी उतरवली.

एवढे पुस्तक रोज वाचले जात होते का?

रोजच्या वाचनाचे हे पुस्तक वाटत नाही. बाराशेहून अधिक वर्षांच्या मानाने ते फार स्वच्छ आहे. रोज हाताळलेल्या धर्मपुस्तकात कोपरे काळवंडतात, मेणाचे डाग पडतात, कडा झिजतात. इथे ते फार कमी आहे. नेपल्सच्या सणांची यादी नॉर्थंब्रियातल्या वर्षभराच्या उपासनेला पुरती जुळणारी नव्हती, आणि ती जुळवून घेण्याची घाई कोणी केलेली दिसत नाही. यावरून मी असा निष्कर्ष काढतो की पुस्तक मोठ्या सणांना वेदीवर ठेवण्यासाठी आणि कथबर्टच्या पेटीजवळ असण्यासाठी होते.

याची उलट बाजू दाखवणारे पुस्तकही त्याच परंपरेत आहे. बेट सोडल्यावर समुदाय शेवटी ईशान्य इंग्लंडमधल्या डरमला आला, आणि 1104 मध्ये तिथे कथबर्टची पेटी उघडली तेव्हा आत योहानाचे छोटेसे शुभवर्तमान मिळाले, तळहातापेक्षा फारसे मोठे नाही, वेअरमथ-जॅरोत लिहिलेले, चित्रांविना. 2012 मध्ये ब्रिटिश लायब्ररीने ते 90 लाख पौंडांना घेतले. ते पुस्तक संताजवळ आत ठेवण्यासाठी. ईडफ्रिथचे पुस्तक संताच्या नावाने बाहेर सगळ्यांसमोर असण्यासाठी. यात्रेकरूंपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. क्रूसाचा आकार, पान भरून टाकणारे पहिले अक्षर आणि बाहेरचे सोने-रत्नांचे आवरण त्यांना पुरेसे सांगत होते.

ओळींमधले बारीक अक्षर पानाची शोभा घालवत नाही का?

पहिल्यांदा पाहताना बऱ्याच जणांना तसे वाटते. ईडफ्रिथच्या गोल, रुंद अक्षरांच्या डोक्यावर ऑल्ड्रेडची टोकदार, घाईची लिपी चढलेली आहे. पण लॅटिन शुभवर्तमानांचे इंग्रजीतले आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने रूप तेच आहे.

हे ओघवते भाषांतर नव्हे. प्रत्येक लॅटिन शब्दाच्या वर त्याचा इंग्रजी अर्थ, लॅटिनच्याच क्रमाने. प्रभूच्या प्रार्थनेची सुरुवात «पातेर नोस्तेर» अशी आहे, म्हणून वर «फादेर उरेर», «बाप आमचा». एखाद्या शब्दाबद्दल मनात दोन पर्याय असतील तर तो दोन्ही लिहितो, मध्ये «किंवा» घालून. लॅटिन शिकणाऱ्याला किंवा शिकवणाऱ्याला उपयोगी पडेल असे हे काम आहे. हे काम 950 ते 970 च्या सुमारास, समुदाय बेट सोडून चेस्टर-ली-स्ट्रीट या गावी राहत असताना झाले.

हे पुस्तक समुद्रात पडले होते, ही गोष्ट खरी आहे का?

गोष्ट जुनी आहे. 793 मध्ये व्हायकिंगांनी लिंडिसफार्न लुटले, आणि हल्ले वाढत गेल्यावर 875 मध्ये समुदायाने कथबर्टची पेटी घेऊन बेट सोडले. 883 मध्ये ते चेस्टर-ली-स्ट्रीटला स्थिरावले, 995 मध्ये डरमला आले. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला डरमच्या सिमियन या मठवासीने लिहिले की भटकंतीत ते आयर्लंडला निघाले असताना वादळ उठले, शुभवर्तमानांचे एक सुशोभित पुस्तक पाण्यात पडले, आणि ओहोटीला वाळूवर धक्का न लागलेले सापडले.

ते हेच पुस्तक असावे असे पुष्कळदा सांगतात. पण चर्मपत्र भिजले तर आकसते, सुरकुतते, आणि पाण्यात विरघळणारे रंग पसरतात. या पानांवर समुद्राच्या पाण्याचे असे नुकसान दिसत नाही. सिमियनच्या दृष्टीने तोच चमत्कार होता. फलकावर ही कथा घालायची असेल तर ती सिमियनच्या नावाने घालावी.

बिलफ्रिथचे सोन्याचे आवरण कुठे आहे?

ते हरवले. कधी, ते ठाऊक नाही. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या काळात मठ मोडले गेले तेव्हा धातू आणि रत्ने काढून घेतली असावीत, असा अंदाज आहे. आज दिसणारे रत्नजडित आवरण 1853 चे आहे. डरमचे बिशप एडवर्ड मॉल्टबी यांनी ते करवून दिले आणि त्यावरची नक्षी पुस्तकातल्याच आकारांवरून घेतली आहे. छायाचित्रात ते पाहून «आठव्या शतकातले आवरण» असे लिहिण्याची चूक वारंवार होते.

शुभवर्तमानाच्या पुस्तकाला नीरोचे नाव का?

सतराव्या शतकात ते सर रॉबर्ट कॉटन या संग्राहकाकडे आले. त्याच्या ग्रंथालयात प्रत्येक कपाटावर एका रोमन सम्राटाचा किंवा राजस्त्रीचा अर्धपुतळा होता. नीरोचे कपाट, त्यातली डी ही फळी, तिच्यावरचे चौथे पुस्तक, म्हणून आजही क्रमांक कॉटन नीरो डी 4. 1731 मध्ये या संग्रहाला मोठी आग लागली आणि बरीच हस्तलिखिते जळाली, त्यातून हे वाचले. 1753 मध्ये संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला आणि तिथून ब्रिटिश लायब्ररीकडे.

पाहायला गेलो तर कोणती पाने दिसतील?

उघडे पुस्तक असल्याने एका वेळी समोरासमोरची दोनच पाने. उजेडाने रंग उडतात, म्हणून प्रकाश मंद ठेवतात, साधारण 50 लक्सच्या आसपास, पाने ठरावीक काळाने बदलतात आणि मधूनमधून पुस्तकाला विश्रांती देतात. जाण्याआधी ते प्रदर्शनात आहे का हे विचारून घ्यावे. ईशान्य इंग्लंडमधल्या लोकांची ते कायमचे परत आणावे अशी जुनी मागणी आहे. 2013 मध्ये डरमला आणि 2022 मध्ये न्यूकॅसलच्या लेंग आर्ट गॅलरीत ते काही महिन्यांसाठी पाठवले गेले. गालिच्याचे पान आणि समोर शुभवर्तमानाचे पहिले अक्षर अशी जोडी उघडलेली असेल तर आधी अक्षराच्या टोकापासून एक पट्टी धरून ती कुठे जाते ते डोळ्यांनी शोधावे. फलक त्यानंतर वाचावा.